व्रोन्स्कीची दाढ

१८७७ साली ‘रूस्की वेस्तनिक’ या रशियन मासिकाच्या वाचकांची मोठी निराशा झाली. टॉलस्टॉयची ‘ॲना कॅरेनिना’ ही कादंबरी तिथे १८७५पासून क्रमशः येत होती. सातव्या भागाच्या शेवटी ॲना मालगाडीखाली स्वतःला झोकून देते आणि त्या मजकुराखाली ‘क्रमशः’ असं छापलेलं होतं. पुढच्या अंकात मात्र आठवा भाग आलाच नाही. सर्बियात तुर्कांविरुद्ध लढायला निघालेल्या रशियन स्वयंसेवकांबद्दल टॉलस्टॉयने त्या भागात जे लिहिलं होतं, ते संपादक मिखाईल काटकोव्ह यांना मान्य नव्हतं. बदल करायला टॉलस्टॉय तयार नव्हता. तेव्हा काटकोव्ह यांनी अंकात एक छोटी नोंद दिली. नायिकेच्या मृत्यूबरोबर कादंबरी खरं तर संपलीच आहे, उरलेला भाग लहानसा आहे, त्यात व्रोन्स्की दुःखाच्या भरात स्वयंसेवक म्हणून सर्बियाला जातो आणि लेव्हिन आपल्या गावीच राहतो, असा त्या नोंदीचा आशय होता. टॉलस्टॉयने आठवा भाग वेगळी पुस्तिका म्हणून छापून घेतला.

काटकोव्ह यांच्या नोंदीत चुकीचं काहीच नव्हतं. आठव्या भागात घडतं ते एवढंच. तरी ती नोंद वाचून कुणाच्या काळजाला काही होत नाही, आणि त्याच भागाचं पाचवं प्रकरण, जेमतेम दोन-तीन पानांचं, वाचल्यावर माणूस पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसून राहतो. कादंबरी लिहिणाऱ्या प्रत्येकाने या दोन मजकुरांमधलं अंतर मोजून पाहावं असं मला वाटतं. उत्कर्षबिंदू गाठून झाला, मृत्यू झाला, युद्ध संपलं, गुपित फुटलं, आणि आता एक छोटं, शांत प्रकरण लिहायचं आहे. तिथे पोचल्यावर आपल्यापैकी पुष्कळजण काटकोव्ह यांची नोंद लिहून मोकळे होतात, फक्त जरा जास्त विशेषणं घालून.

टॉलस्टॉय काय करतो ते क्रमाने बघू.

सातवा भाग ॲनाच्या जाणिवेतच संपतो. चाकाखाली जाताना तिला जे दिसलं, जे वाटलं, तेवढंच. फलाटावर धावलेली माणसं, बातमी कुणी कुणाला दिली, व्रोन्स्की कसा आला, प्रेत कुठे नेलं, यातलं एक अक्षर तिथे नाही. आज आपण हेच लिहायला बसलो तर पुढचं पान आपोआप व्रोन्स्कीकडे जाईल. तो धावत येईल, कोसळेल, हंबरडा फोडेल. टॉलस्टॉय ते पान लिहीतच नाही. आठवा भाग सुरू होतो तेव्हा जवळजवळ दोन महिने उलटून गेलेले आहेत आणि उन्हाळा ऐन भरात आहे.

आणि पहिलं प्रकरण कशावर आहे? सर्गेई कोझ्निशेव या विद्वान गृहस्थाच्या पुस्तकावर. लेव्हिनचा हा सावत्र भाऊ. सहा वर्षं खपून त्याने राज्यपद्धतींवर एक ग्रंथ लिहिला, विद्वानांत आता खळबळ माजेल म्हणून वाट पाहिली, आणि कुणी त्याची फारशी दखलच घेतली नाही. हे सगळं टॉलस्टॉय अगदी सविस्तर सांगतो. ॲनाचं नाव त्या प्रकरणात येत नाही. पहिल्यांदा वाचताना या प्रकरणाचा राग येतो. एवढी मोठी गोष्ट घडली आणि हा बाबा पुस्तकाच्या परीक्षणांचं काय सांगत बसलाय! तो राग लेखकाला हवाच असतो. ॲना गेली आणि जगाचं काही अडलं नाही, हे वाक्य लिहून पटत नाही. वाचकाला ते आपल्याच अस्वस्थपणातून कळावं लागतं. कोझ्निशेवच्या पुस्तकावरची ती पानं म्हणजे ॲनाच्या मृत्यूनंतरचं जग आहे, आणि आपल्याला त्यात सक्तीने बसवलेलं आहे.

दुसऱ्या प्रकरणात स्टेशन येतं. सर्बियाला निघालेल्या स्वयंसेवकांना निरोप द्यायला गर्दी जमली आहे. तिथे ॲनाचा भाऊ ओब्लोन्स्की भेटतो. याच गाडीने व्रोन्स्कीही चालला आहे हे त्याला कळतं, आणि क्षणभर त्याचा चेहरा उतरतो. एका मिनिटात तो सावरतो. बहिणीच्या प्रेतावर पडून आपण किती रडलो होतो हे तो साफ विसरला आहे, त्याला आता व्रोन्स्की म्हणजे एक शूर जुना मित्र दिसतो. ओब्लोन्स्की दुष्ट नाही. साडेसातशे-आठशे पानं आपण त्याला ओळखतो आहोत, तो असाच आहे, प्रेमळ आणि विसराळू. म्हणून ते एक मिनिट खरं वाटतं आणि बोचतं.

चौथ्या प्रकरणात गाडी एका स्टेशनावर थांबते. कोझ्निशेव फलाटावर उतरतो, तर डब्याच्या खिडकीत व्रोन्स्कीची आई. मुलाला काही अंतरापर्यंत सोबत करायला आली आहे. काय घडलं ते आपल्याला तिच्या तोंडून कळतं. सहा आठवडे तो कुणाशी बोलला नाही, मी विनवण्या केल्या तेव्हाच दोन घास खायचा, ॲनाच्या नवऱ्याने तिची मुलगी नेली. हे सांगताना ती ॲनाला नावं ठेवत राहते. म्हणजे दुःखाची सगळी मोठी माहिती आपल्याला अशा बाईकडून मिळते, जिला त्या मेलेल्या स्त्रीबद्दल काडीचीही कणव नाही. वाचकाला ॲनाची बाजू घ्यायला तिथे कुणी सांगत नाही. तो स्वतःहून उठून तिच्या बाजूला जाऊन उभा राहतो. आणि बोलता बोलता आई एक किरकोळ गोष्ट सांगते. एवढं सगळं कमी होतं म्हणून की काय, आता त्याची दाढ दुखायला लागली आहे.

मग पाचवं प्रकरण. फलाटावर मालाच्या गोण्यांची थप्पी लागलेली आहे. तिच्या तिरक्या सावलीत व्रोन्स्की लांब कोट घालून, टोपी कपाळावर ओढून, पिंजऱ्यातल्या जनावरासारखा येरझारा घालतो आहे. वीस पावलं गेला की झटकन वळतो. कोझ्निशेव त्याच्याशी चार मोठे शब्द बोलतो. व्रोन्स्की म्हणतो की माणूस म्हणून माझ्यात आता काही उरलेलं नाही, हत्यार म्हणून कुठे उपयोग झाला तर होईल. पण तो धड बोलू शकत नाही, कारण दाढेच्या ठणक्याने तोंडात सारखी लाळ येते आहे.

तेवढ्यात रुळांवरून इंजिनाच्या कोळशाच्या डब्याची चाकं सावकाश, गुळगुळीत सरकत येतात. तो त्यांच्याकडे बघत राहतो. अचानक दुसरंच काहीतरी आतून पिळवटतं आणि दाढेचं दुखणं तो क्षणभर विसरतो. त्या रात्रीचं स्टेशन, खोलीतल्या टेबलावर परक्या माणसांसमोर ठेवलेलं तिचं शरीर, तिचा चेहरा. हे सगळं आपल्याला आता पहिल्यांदा दिसतं. सातव्या भागात जे पान गाळलं होतं ते इथे, दोन महिन्यांनंतर, काही ओळींत येतं. पहिल्या भेटीतली ॲना आठवायचा तो प्रयत्न करतो. तीही भेट स्टेशनावरच झालेली. पण ती आठवतच नाही, आठवते फक्त शेवटी पश्चात्तापाची धमकी देणारी ॲना. दाढ दुखायची थांबलेली असते आणि हुंदक्याने चेहरा वेडावाकडा झालेला असतो. गोण्यांपाशी तो दोन फेऱ्या मारतो, सावरतो, आणि कोझ्निशेवला शांतपणे विचारतो, कालच्यानंतर युद्धाची काही नवी तार आली का? दोघं थोडा वेळ राजकारण बोलतात. दुसरी घंटा होते, दोघं आपापल्या डब्यात चढतात. व्रोन्स्की पुन्हा कादंबरीत दिसत नाही.

ती दाढ तिथे का आहे, हा प्रश्न मला या सगळ्यात फार महत्त्वाचा वाटतो. पहिलं कारण अगदी सरळ आहे. मोठ्या शोकातल्या माणसाला शरीर असतं, आणि ते आपल्या तक्रारी थांबवत नाही. ज्यांनी घरातला मृत्यू पाहिला आहे त्यांना हे ठाऊक असतं. तेराव्याच्या धामधुमीत कुणाची तरी चप्पल चावत असते, कुणाचं तरी पित्त उसळलेलं असतं. पण दाढेचं दुसरं काम जास्त अवघड आहे. लेखकाला मोजमाप हवं असतं. ‘त्याला असह्य दुःख झालं’ या वाक्यात किती दुःख, ते कळायला काही साधन नाही. दाढदुखी मात्र प्रत्येक वाचकाने सोसलेली असते. तिच्यापुढे दुसरं काही सुचत नाही हे त्याला माहीत असतं. चाकं दिसताच ती दाढ विसरली गेली, म्हणजे आतलं दुखणं केवढं असेल, हा हिशेब वाचक स्वतः करतो. आणि हे साधन ऐनवेळी आणलेलं नाही, आधीच्या प्रकरणात आईने ते सहज बोलताना ठेवून दिलेलं आहे.

चाकांचं तर त्याहून मागचं नातं आहे. पहिल्या भागात ॲना आणि व्रोन्स्की प्रथम भेटतात त्याच वेळी स्टेशनावर एक रेल्वे कर्मचारी गाडीखाली चिरडला जातो. तेव्हापासून रूळ, लोखंड, चाकं या कादंबरीत वावरत असतात. पाचव्या प्रकरणात टॉलस्टॉयला चाकांबद्दल काहीही समजावून सांगावं लागत नाही. ‘चाकं सरकत आली’ एवढं म्हटलं की पुरतं. त्या एका वाक्याची किंमत सात भागांनी आधीच भरलेली आहे, आणि काटकोव्ह यांच्या नोंदीत नेमकं हेच येऊ शकत नव्हतं. त्यांनी घटना सांगितली. पण या प्रकरणाचा परिणाम घटनेत नाही, मागे पेरलेल्या वस्तू पुन्हा समोर येण्यात आहे.

यावरून मी एक कसोटी वापरायला लागलो. उत्कर्षानंतरचं शांत प्रकरण अशा माणसाला वाचायला द्यायचं, ज्याने बाकीची कादंबरी वाचलेली नाही. त्याला ते थोडं सपक वाटलं पाहिजे. यात काय विशेष, असं तो म्हणाला तर उत्तम. तोच मजकूर ज्याने सगळं वाचलं आहे त्याला हलवून गेला पाहिजे. पहिल्याच वाचकाचे डोळे पाणावले तर मला शंका येते, कारण मग ते पाणी त्याच पानावरच्या शब्दांनी काढलं आहे, ‘पोरका’, ‘उद्ध्वस्त’, ‘काळोख’ अशा शब्दांनी. असे शब्द कुठल्याही कादंबरीच्या शेवटी चिकटवता येतात. आणि दोन्ही वाचक कोरडे राहिले, तर दोष त्या प्रकरणात शोधू नये. शंभर-दीडशे पानं मागे जावं, पेरणी तिथे राहून गेलेली असते.

याच कामाची फार जुनी आणि आपल्या परिचयाची जागा महाभारतात आहे. अठरा दिवसांचं युद्ध संपतं, सौप्तिकपर्वातला रात्रीचा संहार होतो, आणि मग येतं अकरावं, स्त्रीपर्व. पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ते २७ अध्यायांचं आहे, म्हणजे एवढ्या ग्रंथात अगदी लहान. त्यातला गांधारीचा रणभूमीवरचा विलाप बहुतेकांना ठाऊक असतो. मला बोलायचं आहे ते शेवटच्या अध्यायाबद्दल. दहनं आटोपलेली आहेत. सगळे गंगेवर आले आहेत, मेलेल्यांना पाणी द्यायचं आहे. दागिने, उत्तरीय उतरवून ठेवली जातात आणि विधी सुरू होतो. आणि कुंती अचानक, हळू आवाजात, मुलांना सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता.

वाचकाला ही बातमी नाही. वनपर्वात तान्हं मूल पेटीत घालून अश्वनदीत सोडलेलं त्याने पाहिलं आहे. ती पेटी चर्मण्वतीतून यमुनेत, यमुनेतून गंगेत गेलेली त्याला माहीत आहे. उद्योगपर्वात याच गंगेच्या काठी कुंती कर्णाला भेटते, तो जप करत असतो आणि ती त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत थांबून राहते. तिला पाच मुलगे उरतील, अर्जुन राहील किंवा मी, असं तो तेव्हा म्हणतो. म्हणजे हे पाणी तिसऱ्यांदा येतं आहे. जन्मल्यावर ज्या प्रवाहाने त्याला वाहून नेलं, जिथे आईने एकदा मागणं घातलं, तिथेच आता त्याच्या नावाने ओंजळ सोडायची. व्यास हे जोडून दाखवत नाहीत. नदीबद्दल एक शब्दही जास्त नाही.

टॉलस्टॉयने वापरलेल्या युक्तीच्या हे उलटं आहे. तिथे वाचकापासून काही राखून ठेवलं होतं आणि शांत प्रकरणात दिलं. इथे वाचकाजवळ सगळं आहे आणि पात्रांजवळ नाही. आदिपर्वातल्या शस्त्रपरीक्षेपासून आपण एक ओझं वाहतो आहोत आणि वाट पाहतो आहोत, धर्मराजाला हे कळेल तेव्हा काय होईल. ते कळतं लढाई जिंकून झाल्यावर, हातून काही करता येण्याची वेळ निघून गेल्यावर. युधिष्ठिर म्हणतो की अभिमन्यूच्या, द्रौपदीच्या मुलांच्या मृत्यूपेक्षा हे दुःख शंभरपट आहे. मग तो कर्णाच्या स्त्रियांना बोलावून घेतो आणि पाणी देतो. अध्याय संपतो. मोठ्या विचारांना, राज्य घ्यावं की सोडावं या वादाला, पुढे शांतिपर्वात हवी तेवढी जागा आहे. त्यातलं काहीही या अध्यायात घुसवलेलं नाही. इथे फक्त एक विधी आहे, त्या विधीत एक नाव वाढलं आहे, आणि त्या एका नावाने जिंकलेल्या युद्धाचा अर्थ फिरला आहे.

दोन्ही ठिकाणी पात्रांच्या हातात काहीतरी ठरलेलं काम आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. गाडी स्टेशनावर थांबली आहे, घंटा झाली की निघायचं आहे. पाणी द्यायचं आहे, नावं क्रमाने घ्यायची आहेत. शांत प्रकरण म्हणजे काही न घडणारं प्रकरण असं समजून लेखक पात्राला खिडकीशी नेऊन बसवतात आणि मग तिथे त्याने करावं काय, तर आठवावं. आठवणींचा तो परिच्छेद नेहमी सैल होतो. याउलट रोजचं, नेहमीच्या पद्धतीने करायचं काम असलं की त्यातला बदल लगेच दिसतो.

हे एका उदाहरणावर करून पाहू. समजा, पूर्वीच्या, कागदी तिकिटांच्या काळातल्या एस.टी.वर एक लहान कादंबरी आहे. एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर, बरीच वर्षं एकाच मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी डेपोतून निघायचं, रात्री घाटाखालच्या गावात मुक्काम, पहाटे परत. एकत्र डबा खायचा, गाडीतच झोपायचं. उत्कर्षाच्या प्रसंगी घाट उतरताना ब्रेक जातो. ड्रायव्हर गाडी दरीच्या बाजूला जाऊ देत नाही, डोंगराच्या अंगाला घालतो. प्रवासी वाचतात, तो जातो. आता पुढचं प्रकरण.

पहिल्या खर्ड्यात बहुधा असं काही येतं:

‘पंधरा दिवसांनी तो ड्यूटीवर आला. गाडीत पाऊल टाकताच त्याला भडभडून आलं. ड्रायव्हरच्या सीटकडे बघवत नव्हतं. तिथे आता कुणी परका बसला होता. नवा ड्रायव्हर म्हणाला, “देवमाणूस होता हो तुमचा जोडीदार. चाळीस जीव वाचवले त्याने.” प्रवाशांच्याही डोळ्यांत पाणी होतं. त्याला वाटलं, आपल्या आयुष्याचा सोबतीच गेला. जड हाताने त्याने घंटी दिली आणि गाडी निघाली, पण त्याचं मन मात्र मागेच राहिलं होतं.’

यात खोटं काही नाही, आणि तरी हे काटकोव्ह यांच्या नोंदीचंच भावंड आहे. नवा ड्रायव्हर उत्कर्षाचा सारांश सांगतो, जो वाचकाने नुकताच वाचला आहे. प्रवासी वाचकाच्या वतीने रडून घेतात, मग वाचकाला करायला काही उरत नाही. ‘आयुष्याचा सोबती’ हा निष्कर्ष लेखकानेच काढून ठेवला आहे. आणि मागची वीस प्रकरणं न वाचताही हा परिच्छेद तेवढाच भिडतो किंवा तेवढाच भिडत नाही.

आता पेरणी करू. एस.टी.त डबल घंटी म्हणजे चला. आपल्या ड्रायव्हरला एक खोड देऊ. डबल घंटी झाल्यावर तो लगेच गाडी काढत नाही, आधी हॉर्नवर एक छोटी टिचकी मारतो, ‘ऐकलं’ अशा अर्थाने, आणि मगच क्लच सोडतो. कंडक्टरच्याही अंगात ते भिनलेलं, घंटी दिली की तो टिचकीची वाट पाहतो, मग दांडा धरतो. ही खोड कादंबरीत तीनदा आली पाहिजे आणि प्रत्येक वेळी तिचं काम वेगळं हवं. पहिल्यांदा, सुरुवातीच्या तीसेक पानांत, गमतीने. शाळकरी पोरं घंटी झाली की तोंडाने ‘पीं’ करतात आणि ड्रायव्हर खोटं खोटं रागावतो. दुसऱ्यांदा मध्यावर, भांडणात. पैशांवरून दोघांचं बिनसलेलं असतं, चार दिवस तो टिचकी मारत नाही, गाडी हिसका देऊन निघते. पाचव्या दिवशी कुणी काही न बोलता हॉर्न वाजतो, आणि भांडण मिटल्याचं आपल्याला कळतं. तिसऱ्यांदा घाटाच्या माथ्यावर, त्या शेवटच्या संध्याकाळी. पण तिथे ती अर्ध्या वाक्यात, इतर पाच गोष्टींच्या गर्दीत उरकायची. प्रसंगाच्या तोंडावर तिच्यावर बोट ठेवलं की वाचक सावध होतो आणि पुढचं प्रकरण हातचं जातं.

मग दुसरा खर्डा:

‘डेपोत त्याने तिकिटांचा ट्रे मोजून घेतला, वेबिलावर सही केली. नवा ड्रायव्हर तरुण होता, बोलायला बरा होता. डब्यात काय आणलंय म्हणून विचारत होता. गाडी भरली. शेवटच्या सीटवरल्या बाईचं गाठोडं आत घेऊन त्याने दार ओढलं आणि डबल घंटी दिली. दिली आणि उभा राहिला. गाडी कधीच निघाली होती. तो तोल जाऊन पुढच्या माणसाच्या अंगावर आला. दांडा सापडला तेव्हा फाट्यापर्यंत आले होते. “पडाल की हो, मास्तर,” तो माणूस म्हणाला. “दोन पूर्ण, एक अर्धं.” त्याने तिकिटं पंच केली. अर्ध्याचे पैसे घ्यायचे राहिले, ते त्या माणसानेच पुन्हा पुढे केले.’

हा परिच्छेद एकटा वाचला तर कंडक्टरचा तोल गेला, एवढंच कळतं. तो तोल कशामुळे गेला, कशाची वाट पाहण्यात गेला, हे ज्याच्या कानात ती टिचकी आहे त्यालाच समजेल. हॉर्न हा शब्दच मी इथे वापरलेला नाही. वापरला असता, ‘हॉर्न वाजलाच नाही’ असं एक वाक्य घातलं असतं, तर समजण्याचा तो क्षण वाचकाच्या हातून काढून घेतल्यासारखं झालं असतं. काही लेखकांना इथे भीती वाटते की वाचकाच्या लक्षात आलं नाही तर? ती भीती रास्त आहे. तिच्यावरचा उपाय मात्र मागच्या भांडणाच्या प्रसंगाला आणखी अर्धं पान देणं हा आहे, इथे खुलासा करणं हा नाही.

किती वेळाने हे प्रकरण ठेवायचं, याचंही गणित पेरणीशीच बांधलेलं आहे. अपघाताच्या रात्रीच हे लिहिता येत नाही, कारण त्या रात्री सवयी चालू नसतात. पोलीस असतात, पंचनामा असतो, घरी कळवायचं असतं. सवय चुकते ती दिनक्रम पुन्हा सुरू झाल्यावर. म्हणून पंधरा दिवस. टॉलस्टॉयने दोन महिने घेतले, कारण त्याला जगाचा विसराळूपणाही दाखवायचा होता आणि त्याला तेवढा अवधी लागतो. कुंतीचं बोलणं मात्र लांबवता येत नाही, पाणी द्यायची वेळ टळली की ते नाव घेण्याला अर्थ राहत नाही.

आणि लांबी. या प्रकरणात मोह होतो तो सुटे धागे बांधून टाकण्याचा. ड्रायव्हरच्या बायकोला नोकरी मिळाली का, चौकशीचं काय झालं, पैशांच्या भांडणातले पैसे कुणाकडे राहिले. हे प्रश्न खरे आहेत आणि वाचकाला उत्तरं हवी असतात, पण ती या प्रकरणाच्या आधी, वेगळ्या, कामकाजी पानांत देऊन टाकावीत. चौथ्या प्रकरणात व्रोन्स्कीच्या आईने नेमकं हेच केलं आहे. मुलगी कुणाकडे गेली, तो सर्बियाला का निघाला, सगळं तिने सांगून टाकलं, म्हणून पाचव्याला दाढ आणि चाकं एवढंच ठेवता आलं. टोल्कीनने ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी सर्वांत शेवटी एक उपसंहार लिहिला होता. त्यात सॅम आपल्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देत पुढे कुणाचं काय झालं ते सांगतो. सुरुवातीच्या वाचकांना तो रुचला नाही आणि टोल्कीनने तो काढून टाकला. १९९२ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, तो मसुद्यांच्या खंडात छापला गेला. दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचता येतात. १९५५ साली छापलेल्या शेवटात सॅम घरी येतो, चूल पेटलेली आहे, जेवण तयार आहे, बायको त्याला खुर्चीत बसवून मुलीला मांडीवर देते. उपसंहारात माहिती पुष्कळ जास्त आहे, आणि ती वाचताना तो गेलेल्या मित्राशिवाय घरी आला आहे, ही जाणीव पातळ होत जाते.

आपल्या एस.टी.च्या प्रकरणात मलाही एक वाक्य पुढे लिहावंसं वाटत होतं. पुढच्या थांब्यावर कंडक्टरने दांडा आधी धरला आणि मग घंटी दिली. ते वाक्य बरं आहे, खरंही आहे, माणूस शिकतोच. पण ते घातलं की प्रकरण तोल जाण्याबद्दल न राहता सावरण्याबद्दल होतं, आणि या कादंबरीने सावरण्याची तयारी कुठेही केलेली नाही. भांडणाच्या त्या चार दिवसांत तो दांडा आधी धरायला शिकला होता असं मध्यावर दाखवलं असतं, तर गोष्ट वेगळी. मग हेच वाक्य शेवटाला चालून गेलं असतं, आणि अर्ध्या तिकिटाचे पैसे काढून टाकावे लागले असते.